‘तुम्ही या कामासाठी जास्त शिकलेल्या आहात’: या निरोपाला उत्तर काय द्यायचं?

गेल्या वर्षी डिसेंबरात माझ्या धाकट्या नणंदेच्या मोबाइलवर एक निरोप आला. ती कोंढव्यात राहते. एम.कॉम. झालेली. लग्नाआधी आणि नंतर मिळून आठ वर्षं तिने एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात काम केलं, शेवटी सीनियर अकाउंटंट होती, 42 हजार पगार होता. 2018 साली दुसऱ्या बाळाच्या वेळी नोकरी सोडली. आता धाकटा शाळेत जायला लागला म्हणून तिने पुन्हा अर्ज करायला सुरुवात केली होती. त्यातला एक अर्ज मार्केट यार्डातल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडच्या अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी होता. त्यावर एका कन्सल्टन्सीतल्या मुलाने लिहिलं होतं की मॅडम, तुमचा प्रोफाइल या जागेसाठी ओव्हरक्वालिफाइड वाटतो, पगार 22 ते 25 हजार आहे, तरीही तुम्हाला इंटरेस्ट आहे का?

ती संध्याकाळी माझ्याकडे आली आणि फोन पुढे करून म्हणाली, “भाभी, हा नाहीच म्हणतोय ना? मग विचारतोय कशाला?”

मला माझीच गोष्ट आठवली. बी.एड. झाल्यावर काही महिने मला हायस्कुलात जागा मिळत नव्हती. मी एका बालवाडीत अर्ज केला होता. तिथल्या बाईंनी हाच प्रश्न विचारला, “तुम्ही एम.ए., बी.एड. आणि बालवाडीत?” मी पटकन म्हटलं, “मॅडम, मला कुठलंही काम चालेल.” मला वाटलं होतं नम्रपणे बोलले. त्यांनी हसून चहा पाजला आणि परत कधी बोलावलं नाही. त्या उत्तरात काय चुकलं होतं हे मला फार उशिरा कळलं.

हा प्रश्न आहे, नकार नाही

ज्याला नकार द्यायचा असतो तो सहसा काहीच लिहीत नाही. एकेका जागेसाठी शेकड्याने अर्ज येतात, नको असलेला अर्ज नुसता बाजूला पडतो. ज्या अर्थी कोणी वेळ काढून ‘तरीही इंटरेस्ट आहे का’ असं विचारतं, त्या अर्थी त्याला तुमचा अर्ज पुढे पाठवावासा वाटतोय, पण पाठवायची भीती वाटतेय. आपलं उत्तर त्या भीतीला असायला हवं. आपल्या शिक्षणाची बाजू मांडत बसण्याची ही जागा नाही.

भीती कशाची, हे समजायचं असेल तर विचारणारा कोण आहे ते आधी बघावं. नणंदेला निरोप पाठवणारा मुलगा कन्सल्टन्सीचा होता, म्हणजे व्यापाऱ्याचा नोकर नव्हता. कन्सल्टन्सीचा धंदा असा चालतो: उमेदवार रुजू झाला की कंपनी त्यांना फी देते. ही फी बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के असते, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. पण त्याला एक अट जोडलेली असते. उमेदवार ठरावीक मुदतीत, बहुतेक वेळा 90 दिवसांत, सोडून गेला तर कन्सल्टन्सीला दुसरा माणूस फुकट शोधून द्यावा लागतो. आता त्या मुलाच्या जागी बसून बघा. समोर 42 हजार घेतलेली बाई आहे, जागा 24 हजारांची आहे. ती दोन महिन्यांत चांगली नोकरी मिळून गेली तर त्याची मेहनत पाण्यात, वर व्यापाऱ्याची बोलणी खायची. तो तुमचा अपमान करत नाहीये, स्वतःची फी वाचवतोय.

विचारणारा कंपनीचाच एचआर असेल तर भीती थोडी वेगळी असते. त्याला फीची काळजी नसते, पण ज्या साहेबाच्या हाताखाली तुम्ही काम करणार तो साहेब काय म्हणेल याची असते. हा माणूस माझ्यापेक्षा जास्त शिकलेला, माझं ऐकेल का? आमच्या कामात चुका काढत बसेल का?

म्हणजे प्रश्न एक दिसला तरी त्याच्या पोटात तीन प्रश्न असतात. एवढ्या पगारात भागेल का? किती दिवस टिकाल? कमी शिकलेल्या किंवा वयाने लहान साहेबाचं ऐकाल का? उत्तर लिहिताना हे तीन मनात ठेवायचे. पहिल्या दोघांना लेखी उत्तर द्यावं लागतं, तिसरा बहुतेक मुलाखतीत येतो.

उत्तर देण्याआधी घरचा हिशेब

मी नणंदेला विचारलं, “पण तुला खरंच ही नोकरी हवी आहे का?” ती गप्प झाली. हा प्रश्न तिने स्वतःला विचारलाच नव्हता. हातात काही नाही म्हणून हो म्हणायचं, एवढंच मनात होतं. असं हो म्हटलेलं दोन महिन्यांत मोडतं आणि मग रिक्रूटरची भीती खरी ठरते. म्हणून आम्ही कागद घेऊन बसलो.

आधी पगार. 22 ते 25 म्हणजे हातात किती? पुण्यात अशा निरोपांत सांगितलेला आकडा बहुतेक वेळा सीटीसी असतो, म्हणजे मालकाचा पीएफचा वाटाही त्यातच धरलेला असतो. 24 हजार सीटीसी धरू. पीएफ 15 हजारांच्या मर्यादेवर कापला तर 12 टक्क्यांनी मालकाचे 1,800 आणि आपले 1,800. राहिले 20,400. पुरुष असता तर वर महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर गेला असता. महाराष्ट्रात बाईमाणसाला 25 हजारांपर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. म्हणजे हातात साधारण 20 हजार. यातून स्कूटीचं पेट्रोल आणि धाकट्याला शाळेतून आणून दोन तास सांभाळणाऱ्या बाईचा पगार काढला तरी 14 हजार उरत होते. तिने विचार केला आणि म्हणाली, “चालेल. पण 22 म्हणाले तर नाही चालणार.” हा आकडा स्वतःला माहीत असणं फार गरजेचं असतं. तो माहीत नसेल तर फोनवर माणूस समोरच्याचं मन राखायला काहीही बोलून जातो.

दुसरी गोष्ट, हेच काम का? सुरुवातीला ती म्हणाली, “घराजवळ आहे म्हणून.” ते खरं होतं, पण अपुरं होतं. मी खोदून विचारलं तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. तिने नोकरी सोडली 2018 साली. जीएसटी आला जुलै 2017 ला. म्हणजे जीएसटीचं पहिलं वर्षच तिने पाहिलं होतं. त्यानंतर 2020 मध्ये जीएसटीआर-2बी आलं. पुरवठादारांनी काय भरलं ते त्यात दिसतं आणि आपली खरेदी त्याच्याशी जुळवावी लागते. त्याच वर्षी मोठ्या कंपन्यांसाठी ई-इनव्हॉइस सुरू झालं आणि ऑगस्ट 2023 पासून ते 5 कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांनाही लागू झालं. यातलं एकही काम तिने हाताने केलेलं नव्हतं. सीनियर अकाउंटंटच्या जागेवर गेली तर पहिल्याच महिन्यात हाताखालच्या मुलांना विचारावं लागलं असतं. तिला असं काम हवं होतं जिथे दर महिन्याला 11 तारखेचं जीएसटीआर-1 आणि 20 तारखेचं 3बी स्वतःच्या हाताने भरता येईल.

कागदावर ती या जागेसाठी जास्त होती, पण खऱ्या कामात काही बाबतींत कमी होती. आणि हेच तिचं सगळ्यात भक्कम उत्तर होतं. जास्त शिकलेला माणूस लहान जागा का मागतो, याचं पटण्यासारखं कारण हवं असतं. ‘मला कामाची गरज आहे’ हे कारण सगळ्यांचंच असतं, त्याने काही कळत नाही. ‘या जागेवर मला हे शिकायचं आहे, ते मला येत नाही’ हे ऐकलं की समोरच्याला हिशेब लागतो.

तिसरी गोष्ट, किती दिवस? ती म्हणाली, “लिहिते, कायमची राहीन.” मी म्हटलं, ते कोणी खरं मानणार नाही आणि ते खरंही नाही. अकाउंट्सच्या माणसाला मुदत सांगायची एक सोपी भाषा आहे, 31 मार्च. व्यापाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास कधी होतो, तर वर्षअखेरीची खाती बंद करताना आणि ऑडिटच्या आधी माणूस सोडून गेला की. तिने विचार करून ठरवलं की दोन मार्च क्लोजिंग पूर्ण होईपर्यंत नोकरी बदलायची नाही. हे वचन तिला पाळता येण्यासारखं होतं आणि ऐकणाऱ्यालाही त्याचा अर्थ लगेच कळणार होता.

पहिला मसुदा

तिने आधीच एक उत्तर लिहून ठेवलं होतं. ते साधारण असं होतं:

“रिस्पेक्टेड सर, मी ओव्हरक्वालिफाइड आहे असं कृपया समजू नका. मला कामाची अत्यंत गरज आहे. पगाराचा काही प्रश्न नाही. माझी दोन लहान मुलं आहेत, मिस्टरांचा धंदा सध्या मंदा आहे. मी कुठलंही काम करायला तयार आहे. माझ्या अनुभवाचा तुमच्या कंपनीला खूप फायदा होईल, मी तुमचा पूर्ण अकाउंट्स विभाग सुधारून देऊ शकते. प्लीज एक संधी द्या.”

वाचून वाईट वाटतं, पण आपल्यातले कितीतरी जण असंच लिहितात. मीही तोंडी हेच म्हणाले होते. यातलं प्रत्येक वाक्य त्या मुलाची भीती वाढवतं. ‘समजू नका’ म्हणजे त्याला जे डोळ्यांनी दिसतंय तेच नाकारणं. ‘अत्यंत गरज आहे’ म्हणजे ही बाई मिळेल ते घेतेय, उद्या 30 हजारांचं मिळालं की जाणार. ‘पगाराचा प्रश्न नाही’ हे तर कोणीच खरं धरत नाही. आणि व्यवहारात याचा दुसरा तोटा असा की समोरचा मग 22 हजारांनाच सुरुवात करतो.

‘विभाग सुधारून देईन’ हे वाक्य तिला सगळ्यात चांगलं वाटत होतं. पण त्या व्यापाऱ्याकडे कदाचित वीस वर्षं वही सांभाळणारे कोणी काका असतील. त्यांना हे वाक्य कसं वाटेल?

घरची हकीकत मी सगळी काढून टाकायला सांगितली. मुलं, मिस्टर, धंदा, काहीच लिहायचं नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण लहान मुलं म्हटलं की काही लोक लगेच रजांचा हिशेब करतात. जागा आणि वेळ सोयीची आहे एवढं सांगितलं की पुरतं. ती का सोयीची, हे विचारलं तर सांगावं, आपण होऊन नाही.

दुसरा मसुदा

मग आम्ही दुसरं उत्तर लिहिलं. पाठवलं इंग्रजीत, पण मजकूर हा होता:

“नमस्कार सर. निरोपाबद्दल आभार. हो, या जागेत मला रस आहे, आणि तुम्ही सांगितलेल्या मर्यादेत 24 हजारांच्या आसपास मला चालेल.

“माझं आधीचं पद यापेक्षा वरचं होतं, हे बरोबर आहे. पण 2018 नंतर मी नोकरीत नाही. 2बी जुळवणी आणि ई-इनव्हॉइस ही कामं मी प्रत्यक्ष केलेली नाहीत. टॅली, बँकेचा ताळा आणि वर्षअखेरीची खाती मी आठ वर्षं केली आहेत. सध्या मला टीम सांभाळण्यापेक्षा रोजचं काम स्वतः करण्याची जागा हवी आहे, म्हणूनच मी असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज केला.

“ऑफिस माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे आणि 10 ते 6 ही वेळ मला जमते. किमान दोन मार्च क्लोजिंग होईपर्यंत मी नोकरी बदलणार नाही. माझ्या आधीच्या वरिष्ठांशी बोलायचं असेल तर त्यांचा नंबर देते. उद्या 11 नंतर फोनवर बोलू शकते.”

यात काय केलं ते बघा. पहिल्याच ओळीत ‘हो’ आहे. पुष्कळ लोक चार ओळी प्रस्तावना लिहितात आणि ‘हो’ शेवटी येतं. मोबाइलवर निरोप वाचणारा माणूस पहिल्या दोन ओळीच वाचतो. पगाराचा आकडा लगेच आहे, आणि त्याने दिलेल्या मर्यादेच्या आतच आहे. जे खरं आहे ते मान्य केलंय, ‘हे बरोबर आहे’ असं. मग कारण सांगितलंय, आणि ते फक्त याच जागेला लागू पडतं. हेच उत्तर दुसऱ्या कुठल्या नोकरीला चिकटवून पाठवता येणार नाही. उत्तर नीट झालंय की नाही हे बघायची मला हीच सोपी खूण वाटते: नाव बदलून ते दहा जागांना पाठवता येत असेल तर त्यात काहीच सांगितलेलं नाही.

शेवटी मुदत आणि तपासून बघता येईल अशी एक गोष्ट. जुन्या साहेबांचा नंबर देण्याआधी तिने त्यांना फोन करून विचारलं होतं. हे विसरू नये. न विचारता नंबर दिला आणि त्यांना अचानक फोन गेला तर तुमची चांगली ओळखसुद्धा अडखळत बोलते.

फोनवर आला तर

आजकाल पुण्यात बरेच रिक्रूटर लिहीत नाहीत, सरळ फोन करतात. तो कधी येतो? तुम्ही पोळ्या लाटत असता, किंवा रिक्षात असता. तेव्हा तिथेच उत्तर द्यायला जाऊ नका. “मला या जागेबद्दल बोलायचं आहे, अर्ध्या तासात मी तुम्हाला फोन करू का?” एवढं म्हणावं. फोन ठेवताना दोन गोष्टी मात्र विचारून घ्याव्यात, सांगितलेला पगार सीटीसी आहे की हातात येणारा, आणि या जागेचा माणूस कोणाच्या हाताखाली काम करतो. दुसऱ्या प्रश्नाने तिसऱ्या भीतीची तयारी होते.

नणंदेला दुसऱ्या दिवशी फोन आला आणि चार दिवसांनी मुलाखतीला बोलावलं. समोर व्यापाऱ्याचा मुलगा होता, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याने विचारलं, “आमचे जुने मुनीमजी बी.कॉम. पण नाहीत. तुम्ही त्यांच्या हाताखाली काम कराल?”

इथे नुसतं ‘हो सर, नक्की’ म्हणून चालत नाही, कारण हो कोणीही म्हणतं. झालेली एखादी गोष्ट सांगावी. तिने सांगितलं की कारखान्यात पहिली दोन वर्षं ती ज्यांच्या हाताखाली होती ते दहावी शिकलेले होते, पण कुठला पुरवठादार कधी बिल उशिरा पाठवतो हे त्यांना तोंडपाठ होतं आणि ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मग तिने एक गोष्ट स्वतःहून जोडली, “पहिले तीन महिने तुमच्याच पद्धतीने करीन. काही वेगळं दिसलं तर लिहून ठेवीन आणि महिनाअखेरीला मुनीमजींनाच आधी दाखवीन.” त्या मुलाने मान हलवली आणि विषय बदलला. ती तिथे 24 हजारांवर लागली. या मार्चमध्ये तिचं पहिलं क्लोजिंग झालं.

पदवी लपवायची का?

हा प्रश्न मला आमच्या वस्तीतली मुलं फार विचारतात. “टीचर, एम.ए. लिहिलंच नाही तर?”

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बायोडेटात काय लिहायचं ते आपण निवडतो. ड्रायव्हरच्या कामाला अर्ज करताना एम.ए.ची ओळ वर ठळक लिहायची गरज नाही. पण जिथे फॉर्मवर ‘सर्वोच्च शिक्षण’ असा रकाना आहे किंवा खाली ‘वरील माहिती खरी आहे’ म्हणून सही करायची आहे, तिथे कमी लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं. आणि ते पकडलं जातं. खासगी कंपन्यासुद्धा आता पीएफचा यूएएन नंबर मागतात, त्यावरून आधी कुठे आणि किती वर्षं काम केलं ते उघड होतं.

सरकारी आणि बँकेच्या भरतीत तर हे फार जपावं. दोन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एक आपल्याच नागपूरचा. तिथल्या जिल्हा न्यायालयातल्या शिपायांच्या भरतीत लागत होतं त्यापेक्षा जास्त शिकलेल्या उमेदवारांना बाहेर ठेवलं गेलं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. 2000 साली न्यायालयाने म्हटलं की जास्त शिकला म्हणून उमेदवाराचा विचारच करायचा नाही, ही कसोटी तर्काला धरून नाही. पण त्याच वेळी हेही स्पष्ट केलं की हा निर्णय या प्रकरणापुरता आहे, सगळीकडे लागू होणारा नियम नाही.

दुसरा निकाल पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई भरतीचा, ओडिशातला. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, बारावी पास हवा, पदवीधर नको. एका उमेदवाराने 2014 मध्ये घेतलेली पदवी अर्जात लपवली. निवड झाली, नंतर पदवी कळली आणि बँकेने त्याला कामावर घेतलं नाही. उच्च न्यायालयात तो जिंकला, पण 3 नोव्हेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. अट मान्य नव्हती तर तिला आव्हान द्यायचं होतं, माहिती लपवून नोकरी मिळवता येणार नाही, असा त्याचा आशय होता. नागपूरच्या मुलांनी शिक्षण लपवलं नव्हतं, त्यांनी उघडपणे दाद मागितली. ओडिशातल्या मुलाने लपवलं. फरक तिथे पडला.

म्हणून जाहिरातीत वरची मर्यादा लिहिली आहे का ते आधी वाचा. लिहिली असेल तर नियम वेगळा. खासगी नोकरीत अशी लेखी मर्यादा क्वचितच असते. तिथे प्रश्न विचारला जातो, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देता येतं.

उत्तर नीट दिलं, तरी जमलं नाही

प्रत्येक वेळी जमत नाही. माझा मामेभाऊ बारा वर्षं आखातात साइट इंजिनियर होता. परत आल्यावर त्याने वाकडकडच्या एका बांधकामावर सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज केला. हाच प्रश्न आला. त्याने विचारपूर्वक, थोडक्यात उत्तर लिहिलं: अम्मींच्या तब्येतीमुळे आता पुण्याबाहेर जायचं नाही, पगार मान्य, इथल्या कामाची रीत पुन्हा शिकायची आहे. काही उत्तर आलं नाही. आठवड्याने त्याने एकदा विचारलं, तेव्हा ‘क्लायंटने होल्डवर ठेवलंय’ एवढंच कळलं. पंधरा दिवसांनी तीच जाहिरात पुन्हा दिसली, या वेळी ‘वय 30 पर्यंत’ अशी ओळ जोडून.

‘ओव्हरक्वालिफाइड’ हा शब्द कधीकधी झाकण असतो. खाली वय असतं, मधला खंड असतो, कधी आणखी काही. ते कसं ओळखायचं? खरी भीती असलेला माणूस तुमच्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारतो: कधी जॉइन व्हाल, याआधी कुठे, साहेबांचा नंबर द्या. झाकण असेल तर पुढचा प्रश्न येतच नाही, तुम्ही काहीही लिहा. एकदा आठवण करावी, आठवडाभराने. दुसऱ्यांदा करू नये.

आपल्या घरांत याच्या पुढची शंका बोलून दाखवली जाते, नाव वाचूनच ठरवलं असेल. ही शंका हवेतली नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 मध्ये छापलेल्या अभ्यासात सारख्याच शिक्षणाचे अर्ज फक्त नावं बदलून खासगी कंपन्यांना पाठवले होते. मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश निघाली. हे खरं आहे आणि एका चांगल्या उत्तराने ते बदलत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तो भेद बहुतेक वेळा निरोप येण्याच्या आधी होतो, अर्ज नुसता पडून राहतो. ज्याने तुम्हाला ‘इंटरेस्ट आहे का’ विचारलं, त्याने तुमचं नाव आणि पत्ता वाचूनच विचारलं आहे. तेव्हा मनातल्या शंकेला उत्तर देऊ नका, त्याने जे विचारलं त्याला द्या.

आणि हिशेब करून उत्तर ‘नाही’ निघालं, तर तेही लिहून कळवा. “या पगारात मला जमणार नाही, पण 35 हजारांच्या आसपास सीनियरची जागा असेल तर नक्की कळवा.” त्या मुलाकडे दुसऱ्या कंपन्यांच्याही जागा असतात, तुमचा नंबर त्याच्याकडे राहतो.

नणंदेने पहिला मसुदा मला पुसू दिला नाही. अजून तिच्या मोबाइलमध्ये आहे. परवा तिच्या मैत्रिणीला असाच निरोप आला, तेव्हा तिने दोन्ही मसुदे शेजारी ठेवून दाखवले आणि आधी विचारलं, “तुझा आकडा किती, ते कागदावर लिहिलंस का?”